छातीत पाणी झाले म्हणजे : सुई कधी, नळी कधी आणि रिपोर्ट कसा वाचावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या बाहेर थोडा वेळ बसले, तर हातात एक्स-रेचे पाकीट घेऊन ‘छातीत पाणी झालंय’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. घरच्यांना त्यानंतर दोनच प्रश्न पडलेले असतात : हा टीबी तर नाही ना, आणि पाणी काढावे लागेल का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याचदा त्या पाण्याच्या तपासणीतून मिळतात. मात्र तो रिपोर्ट नुसत्या आकड्यांवरून वाचला तर तो फसवूही शकतो. या लेखात मुख्यतः त्या फसवणुकीविषयी लिहिले आहे.

हे पाणी फुप्फुसाच्या आत नसते. फुप्फुसाभोवती दोन पातळ पडद्यांचे आवरण असते आणि त्या दोन पडद्यांच्या मधल्या फटीत निरोगी माणसाच्याही छातीत चमचा-दोन चमचे द्रव असतो. तो सतत पाझरतो आणि सतत शोषलाही जातो. पाझर वाढला किंवा शोषण कमी पडले की पाणी साचू लागते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधला टोकदार कोपरा बोथट दिसू लागतो, तोपर्यंत साधारण २०० मिलीलिटर पाणी जमलेले असते. सोनोग्राफीत त्याहून बरेच कमी पाणीही दिसते, शिवाय ते स्वच्छ आहे की त्यात जाळ्या पडल्या आहेत हेही कळते. म्हणून आज सुई घालण्यापूर्वी सोनोग्राफी करणे ही चैन राहिलेली नाही.

प्रत्येक पाण्यात सुई घालायची नसते. ज्याचे हृदय अशक्त झाले आहे, पायांवर सूज आहे, उताणे झोपले की दम लागतो, दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच पाणी आहे आणि ताप नाही, अशा रुग्णाला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन दोन-तीन दिवस पाहणे योग्य ठरते. पाणी ओसरू लागले, तर सुईची गरजच राहत नाही. मात्र पाणी एकाच बाजूला असेल किंवा एका बाजूला बरेच जास्त असेल, ताप असेल, श्वास घेताना बरगडीत कळ येत असेल किंवा औषधांनी काहीच फरक पडत नसेल, तर पाण्याचा नमुना घ्यावा लागतो. न्यूमोनियाच्या रुग्णात पाण्याचा थर सोनोग्राफीवर एक सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल, तर सहसा नुसते अँटिबायोटिक आणि लक्ष पुरते. त्याहून जाड थर दिसल्यास नमुना घेण्यात दिरंगाई करू नये.

नमुना आल्यावर पहिला प्रश्न असतो तो पाणी कोणत्या जातीचे आहे हा. चक्का बांधलेले फडके जोराने पिळले, तर फडके धड असेपर्यंत निवळीच जास्त गळते. पण फडक्याची वीणच सैल झाली असेल, तर निवळीबरोबर चक्काही बाहेर येतो. छातीतल्या पहिल्या प्रकारच्या पाण्याला ट्रान्झुडेट म्हणतात. यात आवरणाचा पडदा निरोगी असतो. हृदय कमजोर झाल्यामुळे रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलेला असतो, किंवा यकृत व मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातले अल्ब्युमिन घटल्यामुळे पाणी वाहिन्यांत टिकून राहत नाही. दुसऱ्या प्रकाराला एक्झुडेट म्हणतात. यात टीबी, न्यूमोनिया, कर्करोग किंवा दुसऱ्या एखाद्या दाहामुळे पडदाच झिरपू लागलेला असतो आणि पाण्याबरोबर प्रथिने व पेशीही बाहेर पडतात. हा फरक पुढचा सगळा मार्ग ठरवतो. ट्रान्झुडेटमध्ये हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांवर उपचार करायचे असतात आणि पाण्याच्या आणखी महागड्या तपासण्यांतून काही हाती लागत नाही. एक्झुडेटमध्ये मात्र कारण सापडेपर्यंत थांबता येत नाही.

हे दोन प्रकार वेगळे करण्यासाठी १९७२ साली अमेरिकेत रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले तीन निकष आजही जगभर वापरले जातात. पाण्यातली प्रथिने रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त असणे हा पहिला निकष. पाण्यातले एलडीएच नावाचे एन्झाइम रक्तातल्या एलडीएचच्या ०.६ पटीहून जास्त असणे हा दुसरा, आणि पाण्यातले एलडीएच हे रक्तासाठी प्रयोगशाळेने दिलेल्या कमाल सामान्य मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त असणे हा तिसरा. या तिन्हींपैकी एक जरी लागू पडला, तरी पाणी एक्झुडेट समजायचे.

यातला ‘एक जरी’ हा भाग नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण तिथेच या निकषांचे बळ आहे आणि दुबळेपणाही. टीबी किंवा कर्करोग नजरेतून निसटू नये यासाठी जाळे मुद्दाम बारीक विणलेले आहे. त्यामुळे खरे एक्झुडेट सहसा सुटत नाही, पण बरीच ट्रान्झुडेटही त्यात अडकतात. हृदयविकाराचे रुग्ण आधीपासून लघवीच्या गोळ्या घेत असतील, तर हे अधिक घडते, कारण या गोळ्यांमुळे छातीतले पाणी लवकर शोषले जाते पण प्रथिनांचे मोठे रेणू मागेच राहतात, आणि उरलेले पाणी दिवसागणिक दाट होत जाते. पाण्याची जात बदललेली नसते, आकडा मात्र सीमारेषा ओलांडतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, रावेर तालुक्यातले अडुसष्ट वर्षांचे एक केळी-बागायतदार आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. बागेतून घरापर्यंत चालत येतानाही आता ‘दम लागस’ म्हणून ते तालुक्याच्या गावी दाखवायला गेले आणि तिथे त्यांना लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवडाभराने श्वास थोडा हलका झाला, पण एक्स-रेत उजव्या बाजूला बरेच आणि डाव्या बाजूला अगदी थोडे पाणी दिसले. दोन्ही बाजूंमधला हा फरक आणि अपुरा उतार पाहून जिल्ह्याच्या ठिकाणी सुईने नमुना घेतला गेला. पाणी फिकट पिवळे व पारदर्शक होते, आणि सोनोग्राफीतही ते एकसारखे काळे, जाळ्या नसलेले दिसले होते.

रिपोर्ट असा आला : पाण्यातली प्रथिने ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर, रक्तातली ६.८, पाण्यातले एलडीएच १२८, रक्तातले २३०, आणि त्या प्रयोगशाळेची कमाल मर्यादा २४०. पेशींची संख्या कमी, पण त्यांत ८० टक्के लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘एक्झुडेट’ असे छापलेले. मुलाने हा कागद गावातल्या ओळखीच्या कंपाउंडरला दाखवला आणि घरी परतेपर्यंत ‘आबांना टीबी निघाला’ ही बातमी भाऊबंदकीत पोहोचलीसुद्धा.

आता हेच आकडे सावकाश पाहू. ३.५ ला ६.८ ने भागले की ०.५१ येते, म्हणजे पहिला निकष जेमतेम ओलांडला गेला. १२८ ला २३० ने भागले की ०.५६ येते, म्हणजे दुसरा ओलांडला गेला नाही. २४० चे दोन-तृतीयांश १६० होतात आणि १२८ त्याहून कमी आहेत, म्हणजे तिसराही लागू पडला नाही. नियमानुसार पाणी एक्झुडेट ठरते, पण तीनपैकी एकाच निकषावर आणि तेही केसभर अंतराने. समोर कमजोर हृदयाचा, लघवीच्या गोळ्या घेणारा माणूस असताना एवढ्यावर थांबणे चुकीचे आहे. इथे एक सोपी वजाबाकी कामी येते : रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले अल्ब्युमिन वजा करायचे. फरक १.२ ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ते पाणी मुळात ट्रान्झुडेटच होते, असे मानायला भक्कम आधार मिळतो. आबांच्या रक्तात अल्ब्युमिन ३.६ आहे आणि पाण्यात २.१, फरक १.५. अल्ब्युमिन तपासलेले नसेल, तर एकूण प्रथिनांची वजाबाकीही चालते, फक्त तिथे फरक ३.१ हून जास्त हवा. तो इथे ३.३ आहे. टीबीच्या पाण्यात सहसा वाढणारे एडीए नावाचे एन्झाइम इथे १२ युनिटच निघाले, आणि इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्के दिसली.

राहता राहिले ते ८० टक्के लिम्फोसाइट. या एका आकड्याने आपल्या भागात फार लोक घाबरतात, आणि टीबीच्या पाण्यात लिम्फोसाइट जास्त असतात हे खरेही आहे. पण हृदयाच्या पाण्यातल्या थोडक्या पेशींतही बहुधा लिम्फोसाइटच जास्त असतात. टक्केवारी वाचण्यापूर्वी एकूण पेशी किती आहेत आणि पाणी कोणत्या जातीचे आहे, हे पाहावे लागते. आबांना टीबीच्या गोळ्यांची नव्हे, तर हृदयाच्या औषधांचा डोस नीट बसवण्याची, मीठ कमी करण्याची आणि काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करण्याची गरज आहे. अशा रुग्णाला सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स दिला गेला, तर यकृतावर विनाकारण ताण पडतोच, शिवाय हृदयाचा इलाज मागे पडतो, आणि माझ्या मते जास्त नुकसान त्या दुसऱ्या गोष्टीचे होते.

ही वजाबाकी म्हणजे कोणत्याही एक्झुडेटमधून सुटका करून घेण्याची पळवाट मात्र नव्हे. हृदयविकाराची ठोस लक्षणे असतील आणि निकष थोडक्याने ओलांडले गेले असतील, तेव्हाच तिचा आधार घ्यावा. आबांच्याच पाण्यात एलडीएच ६०० निघाले असते, ताप असता किंवा वजन घटत असते, तर अल्ब्युमिनचा फरक काहीही असला तरी शोध पुढे चालू ठेवावा लागला असता, कारण हृदयविकार असलेल्या माणसाला टीबी किंवा कर्करोग होतच नाही असे कुठे आहे?

या सगळ्या हिशेबाला एक साधी अट आहे, आणि नेमकी तीच वारंवार राहून जाते : पाण्याबरोबर त्याच दिवशी रक्ताचाही नमुना पाठवला पाहिजे. रक्तातली प्रथिने, अल्ब्युमिन आणि एलडीएच हाताशी नसतील, तर पाण्यातल्या नुसत्या ३.५ या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. पाणीही एकाच बाटलीत भरून देऊ नये. पेशी मोजण्यासाठी जांभळ्या टोपणाची नळी, साखरेसाठी राखाडी टोपणाची, जंतुसंवर्धनासाठी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या, आणि कर्करोगाच्या पेशी शोधायच्या असतील तर किमान ५० मिलीलिटर वेगळे द्यावे. साध्या नळीतला नमुना चोपड्याहून किंवा शहाद्याहून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातल्या पेशी साखर खात राहतात, आणि मग नसलेली ‘कमी साखर’ रिपोर्टमध्ये उमटते.

पाणी खरोखरच एक्झुडेट असेल, तर पुढची वाट पेशी दाखवतात. लिम्फोसाइट भरपूर असतील आणि एडीए ४० युनिटच्या वर असेल, तर आपल्यासारख्या टीबीचे प्रमाण जास्त असलेल्या भागात, विशेषतः रुग्ण तरुण असेल आणि त्याला काही आठवडे ताप व कोरडा खोकला असेल, तर टीबीचे निदान बरेच पक्के होते. पाण्यात टीबीचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच दिसतात, आणि जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणीही पाण्याच्या नमुन्यावर अनेकदा निगेटिव्ह येते; कारण या प्रकारात पाण्यात जंतू थोडेच असतात आणि पाणी मुख्यतः शरीराच्या त्यांच्याविरुद्धच्या प्रतिक्रियेतून साचते. म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आली एवढ्यावरून टीबी नाही असे ठरत नाही, पण ती पॉझिटिव्ह आली तर औषधाला दाद न देणारा टीबी आहे का हेही त्यातून कळते. त्यामुळे ती करून घ्यावीच. थुंकीही तपासावी. उलट एडीए जास्त आले म्हणजे टीबीच, असेही नाही. पू झालेल्या पाण्यात ते जास्त येते, लिम्फोमा आणि संधिवाताच्या पाण्यातही जास्त येऊ शकते. वृद्ध माणसात खऱ्या टीबीतही ते ४० च्या खाली राहू शकते.

पाण्यात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असतील आणि सोबत न्यूमोनिया असेल, तर प्रश्न निदानाचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. अमळनेरच्या बाजूचा एखादा तिशीतला जिनिंग कामगार पाच दिवसांच्या तापानंतर येतो, डाव्या बाजूला पाणी आहे आणि ते किंचित गढूळ आहे. त्याच्या बाबतीत ट्रान्झुडेट की एक्झुडेट या हिशेबात वेळ घालवण्याचे कारण नाही. तिथे पाण्याचा पीएच पाहायचा. तो ७.२ च्या खाली असेल, तर नुसत्या अँटिबायोटिकवर ते पाणी सुकण्याची शक्यता कमी असते आणि छातीत नळी घालून ते वाहते करावे लागते. पीएच करण्याची सोय नसेल, तर साखर ६० मिलीग्रॅमच्या खाली असणे हा पर्यायी इशारा धरता येतो. सुईतून सरळ पूच आला किंवा पाण्यात जंतू दिसले, तर पीएचची वाट पाहण्याचेही कारण नाही. नळी त्याच दिवशी घालावी. टीबी आणि संधिवाताच्या पाण्यातही पीएच व साखर कमी असू शकतात, म्हणून हे आकडे ताप आणि न्यूमोनियाच्या संदर्भातच वाचायचे असतात.

पीएचचा नमुना नाजूक असतो. तो हेपारिनच्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता घेऊन तासाभराच्या आत रक्तातील वायू मोजणाऱ्या यंत्रावरच तपासावा लागतो. बुडबुडा राहिला तर पीएच खोटा वाढतो आणि नळीची गरज असलेला रुग्ण नळीविना राहतो. भूल देण्याच्या इंजेक्शनचे औषध सिरिंजमध्ये उरले, तर तो खोटा कमी होतो. लघवी तपासण्याच्या कागदी पट्टीवर पाहिलेल्या पीएचवर कोणताही निर्णय घेऊ नये.

नळी वेळेवर पडली नाही, तर चार-सहा दिवसांत पाण्यात तंतूंच्या भिंती उभ्या राहतात आणि एका पोकळीचे अनेक कप्पे होतात. मग एका कप्प्यातली नळी दुसऱ्या कप्प्यातला पू काढू शकत नाही. अशा वेळी नळीतून भिंती विरघळवणारी औषधे सोडावी लागतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुर्बिणीतून किंवा छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. नळी चालू आहे, पण ताप उतरत नाही आणि बाटलीत काही येत नाही, असे दिसल्यास सोनोग्राफी पुन्हा करावी, कारण कप्पे झाल्याची ती नेहमीची खूण आहे.

दम लागलेल्या रुग्णाचे पाणी बरे वाटावे म्हणूनही काढले जाते, आणि तेव्हा ‘सगळं पानी आजच काढी टाका ना, डाक्टरसाहेब’ हा आग्रह हमखास होतो. एका बैठकीत साधारण दीड लिटरच्या पुढे न जाण्याचा संकेत आहे. बराच काळ दबून राहिलेले फुप्फुस एकदम फुगले, तर आता खुद्द फुप्फुसातच पाणी उतरू शकते. छातीत आवळल्यासारखे वाटू लागले किंवा खोकल्याची उबळ थांबेना, तर लिटरभरही निघालेले नसले तरी सुई थांबवावी. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाने रक्तवाहिनी आणि नस जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगणे ही रुग्णाच्या घरच्यांची जबाबदारी आहे, आणि ते विचारणे डॉक्टरांची.

नळी टाळायची असते ती मुख्यतः यकृत आक्रसलेल्या, पोटातही पाणी असलेल्या रुग्णात. त्याच्या छातीतले पाणी श्वासपटलातल्या बारीक छिद्रांतून पोटातूनच वर चढलेले असते. नळी घातली तर ते दिवसेंदिवस वाहत राहते, सोबत प्रथिने आणि क्षार जातात, मूत्रपिंड ढासळते आणि नळी काढणेही अवघड होऊन बसते. दम असह्य असेल, तर सुईने लागेल तेवढेच काढावे. त्याला ताप किंवा पोटदुखी असेल, तर मात्र त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचीही पेशी मोजणी आणि कल्चर करावे, कारण त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

उरतात ते एक्झुडेट असूनही कारण न सापडलेले रुग्ण : एडीए कमी, न्यूमोनिया नाही, पाणी कदाचित लालसर, आणि काढले की पंधरवड्यात पुन्हा भरणारे. इथे कर्करोगाची शंका पुढे येते. पाण्यातल्या पेशींच्या तपासणीत कर्करोग असलेल्या रुग्णांपैकी सुमारे साठ टक्क्यांतच तो सापडतो. एकदा निगेटिव्ह आल्यावर दुसऱ्यांदा नमुना पाठवणे योग्य आहे. पण तिसऱ्या-चौथ्या नमुन्यातून सहसा नवीन काही मिळत नाही आणि तेवढे आठवडे मात्र जातात. त्यापेक्षा छातीचा सीटी स्कॅन करून, थोराकोस्कोपीने म्हणजे छातीत छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून, पडदा डोळ्यांनी पाहून संशयित जागेचा तुकडा काढावा. तो तुकडा कर्करोग आणि टीबी या दोन्ही तपासण्यांसाठी पाठवायचा असतो, म्हणून सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये न टाकता एक भाग सलाइनमध्ये ठेवावा. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून टीबीचे जंतू वाढवता येत नाहीत.